घरी बांधलेला एसटीएम: फटीपासून नकाशापर्यंतच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे एसटीएम, टेबलावर मावेल एवढ्या आकारात आणि साध्या हवेत चालेल असा बांधायला आज सुरुवात केली. १९८१ साली झुरिचजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांनी हे यंत्र प्रथम चालवून दाखवले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. धातूची अणकुचीदार सुई वाहक पृष्ठभागापासून काही अँगस्ट्रॉमवर, म्हणजे नॅनोमीटरच्या काही दशांशांवर, धरायची, दोहोंमध्ये थोडे विद्युतदाब ठेवायचे आणि फट ओलांडून येणारा टनेलिंगचा प्रवाह मोजायचा. हा प्रवाह फटीच्या रुंदीनुसार घातांकी रीतीने घटतो:

`I ∝ V · exp(−2κd)`

इथे I म्हणजे प्रवाह, V म्हणजे दाब आणि d म्हणजे फटीची रुंदी; κ ठरते ती फट ओलांडताना इलेक्ट्रॉनसमोर येणाऱ्या ऊर्जेच्या अडथळ्यावरून. या अडथळ्याची उंची ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली तर 2κ ची किंमत प्रत्येक अँगस्ट्रॉममागे सुमारे २.०५ येते. म्हणजे फट एका अँगस्ट्रॉमने वाढली की प्रवाह जवळजवळ आठपट कमी होतो. हा आकडा मी कामाच्या टेबलासमोर लिहून लावला आहे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच घ्यावा लागेल असा माझा अंदाज आहे.

रचना अशी ठरवली आहे: सुई हलवण्यासाठी पिएझो बझरची, म्हणजे विद्युतदाब दिला की किंचित वाकणारी, चकती घ्यायची आणि तिच्या वरच्या विद्युतअग्राचे चार भाग कापायचे, म्हणजे त्याच चकतीने सुई आडवीही सरकेल आणि वरखालीही. नमुना म्हणून थरांची रचना असलेले ग्राफाइट वापरायचे, कारण चिकटपट्टीने वरचा थर ओढून काढला की काही क्षणांत नवा, सपाट पृष्ठभाग हाती येतो.

१२ ऑक्टोबर

सुया तयार केल्या. प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार चिमट्यात घट्ट धरायची, कात्री तिरकी लावायची आणि कापता कापताच तार ओढायची, म्हणजे शेवटचा भाग कापला न जाता तुटतो. कात्रीने तोडलेले टोक भिंगाखाली पाहिले तर ओबडधोबड दिसते, आणि अशा टोकाने अणू कसे दिसतील ही शंका मलाही होती. हिशेब केल्यावर ती मिटली. टोकाच्या सर्वांत पुढे आलेल्या अणूपेक्षा शेजारचा अणू दोन अँगस्ट्रॉम मागे असेल, तर त्याच्यातून जाणारा प्रवाह साठाव्या हिश्शाएवढाच राहतो. म्हणून टोक एकंदरीत बोथट असले तरी चालते, त्यावर एखादा अणू बाकीच्यांपेक्षा पुरेसा पुढे असला की झाले. या हिशेबात ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा अडथळा गृहीत धरला आहे. ते गृहीतक हवेत टिकत नाही हे मला सहा आठवड्यांनी कळले, त्याची नोंद पुढे येईल.

१९ ऑक्टोबर

प्रवाहाचा प्रवर्धक बांधला. एफईटी इनपुटचा ऑप-अँप आणि फीडबॅकला १०० मेगाओहमचा रोधक घेतला, म्हणजे १ नॅनोअँपिअरला ०.१ व्होल्ट मिळतात आणि १० व्होल्टला, म्हणजे १०० नॅनोअँपिअरला, मापन संपते.

चालू केल्याबरोबर ०.५ नॅनोअँपिअर प्रवाह दिसला, आणि त्या वेळी सुई बसवलेलीच नव्हती. दोन संध्याकाळी मी नमुन्याकडच्या तारा तपासत बसले, ती चूक झाली. नमुन्यावरच्या दाबाचे चिन्ह उलटवून पाहणे ही पहिली चाचणी असायला हवी होती. ती केल्यावर प्रवाह तसूभरही बदलला नाही, म्हणजे गळती नमुन्याकडून येत नव्हती. इनपुटच्या पायाशेजारून १५ व्होल्टची वीजपुरवठ्याची पट्टी जाते. त्या दोहोंमध्ये ३० गिगाओहमचा रोध असला तरी ०.५ नॅनोअँपिअर गळतो, आणि सोल्डर करताना राहिलेल्या फ्लक्सचा पातळ थर एवढा रोध सहज देतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने सर्किटची पट्टी धुतली, तेव्हा गळती ०.२ वर आली. मग इनपुटचा पाय पट्टीतून उचलून हवेतच ठेवला आणि रोधक व सुईची तार त्याला तशीच हवेत जोडली. आता गळती ५ पिकोअँपिअरच्या आत आहे. हे काम सुरुवातीलाच करावे, कारण इतकी स्थिर गळती असली की यंत्राला सुई आधीच पृष्ठभागाजवळ आहे असे वाटते आणि पुढचे सगळे निदान चुकते.

२ नोव्हेंबर

कंपनांपासून बचाव. पहिल्या प्रयत्नात रबरी दोरीवर टांगले. वजनाने दोरी ६ सेंटिमीटर ताणली गेली, म्हणजे स्वाभाविक वारंवारता सुमारे २ हर्ट्झ झाली आणि पावलांचा आवाज आत येत राहिला. नंतर २५ सेंटिमीटर ताणल्या जाणाऱ्या लांब स्प्रिंगा लावल्या, त्याने ती १ हर्ट्झवर आली. डोलणे लवकर थांबावे म्हणून खाली तांब्याची जाड पट्टी आणि तिच्यासमोर चुंबके ठेवली. याहून अधिक लिहिण्यासारखे काही घडले नाही.

९ नोव्हेंबर

आजची चूक पूर्णपणे माझ्या आराखड्यातली होती, आणि नेमकी इथेच दुसऱ्यांचीही अडचण होण्याचा संभव असल्याने सविस्तर लिहिते.

चकतीची उभी हालचाल प्रत्येक व्होल्टमागे सुमारे १५० नॅनोमीटर धरली होती. उणे १० ते अधिक १० व्होल्ट देणारा १६ बिटांचा डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक तिला थेट जोडला होता, आणि एकूण ३००० नॅनोमीटरचा पल्ला मिळतो म्हणून मी समाधानी होते. सुई नमुन्याजवळ न नेता मी नुसता हिशेब पुन्हा तपासला तेव्हा लक्षात आले की २० व्होल्टचे ६५,५३६ भाग केले तर एक पायरी ०.३ मिलिव्होल्टची होते, आणि त्या एका पायरीने सुई ०.४६ अँगस्ट्रॉम हलते. ऐकायला हे अंतर क्षुल्लक आहे. पण घातांकी नात्यात ठेवून पाहिले तर एका पायरीला प्रवाह अडीचपटीहून अधिक बदलतो. १ नॅनोअँपिअरवर स्थिर राहायला सांगितलेल्या यंत्राला ०.६ किंवा १.६ एवढेच पर्याय मिळाले, तर ते त्या दोहोंमध्ये कायम उड्या मारत राहणार. अंतराच्या मापात जे बारीक वाटते ते प्रवाहाच्या मापात किती ढोबळ आहे हे पाहायला मी विसरले होते.

उपाय म्हणून दोन वाहिन्या केल्या. सूक्ष्म वाहिनीचा दाब रोधकांनी दहाने भागला, त्यामुळे तिची एक पायरी ०.०४६ अँगस्ट्रॉमची झाली आणि प्रवाहातला बदल दहा टक्क्यांवर आला. तिचा पल्ला मात्र ३०० नॅनोमीटरच उरला. दुसरी, ढोबळ वाहिनी न भागता ठेवली, पण तिच्यापुढे मोठा धारित्र लावून ती इतकी मंद केली की तिची प्रत्येक पायरी सावकाश उतरते आणि तेवढ्या वेळात सूक्ष्म वाहिनी तिची भरपाई करते. या फेरबदलात एक आठवडा गेला आणि पट्टी नव्याने करावी लागली.

१६ नोव्हेंबर

पहिल्यांदा सुई नमुन्याजवळ नेली आणि आपटली. एकाच दिवसात पाच वेळा.

जवळ नेण्याची पद्धत अशी आहे: सूक्ष्म वाहिनीने सुई पूर्ण मागे घ्यायची, मोटरने स्क्रू थोडा फिरवायचा, मग सुई ३०० नॅनोमीटर सावकाश पुढे आणत प्रवाह येतो का ते पाहायचे, न आल्यास पुन्हा मागे घ्यायची. स्क्रूचा आटा अर्धा मिलिमीटरचा, मोटरला एका फेऱ्यात सुमारे २०४८ पावले आणि तरफ दहास एक, म्हणजे एका पावलाला सुमारे २४ नॅनोमीटर. आठ पावलांना १९५ नॅनोमीटर होतात आणि ते पल्ल्याच्या आत बसते, इथपर्यंत सर्व बरोबर होते.

चूक वेगात होती. मी ३०० नॅनोमीटर ०.२ सेकंदात पार करत होते. सुई दूर असताना प्रवाह शून्यच असतो. तो १ पिकोअँपिअरपासून १ नॅनोअँपिअरपर्यंत चढतो तो शेवटच्या साडेतीन अँगस्ट्रॉममध्ये, कारण हजारपट वाढायला तेवढेच अंतर लागते. माझ्या वेगाने हे साडेतीन अँगस्ट्रॉम ०.२३ मिलिसेकंदात संपत होते आणि प्रवर्धकाच्या गाळणीलाच जवळजवळ तेवढा वेळ लागतो. इशारा मिळायच्या आत टोक ग्राफाइटमध्ये शिरलेले असे.

आपटल्याची खूण स्पष्ट असते: प्रवाह १०० नॅनोअँपिअरला टेकतो, आणि सुई मागे घेतली तरी वीस-तीस नॅनोमीटरपर्यंत तसाच राहून मग एकदम तुटतो. टनेलिंगचा प्रवाह असता तर तो पहिल्याच नॅनोमीटरमध्ये नाहीसा झाला असता.

आता वेग सेकंदाला ३० नॅनोमीटर ठेवला आहे, म्हणजे त्याच पट्ट्याला जवळजवळ १२ मिलिसेकंद मिळतात. एका फेरीला १० सेकंद लागतात. भिंगातून सुई आणि ग्राफाइटमधले तिचे प्रतिबिंब जुळत आणून अंतर आधी सुमारे ५० मायक्रोमीटरवर आणते. तिथून पुढे अडीचशे फेऱ्या, म्हणजे पाऊण तास. तो वेळ वाचवता येत नाही, हे मी आता स्वीकारले आहे.

२३ नोव्हेंबर

रात्री साडेनऊला प्रवाह आला आणि १ नॅनोअँपिअरवर थांबला. नमुन्यावर ५० मिलिव्होल्ट होते.

हा खरोखर टनेलिंगचा प्रवाह आहे का, हे ठरवल्याशिवाय पुढे जायचे नाही असे ठरवले होते. प्रवाह स्थिर राखणारा फीडबॅक क्षणभर गोठवला, सुई ६ अँगस्ट्रॉम मागे नेली, परत आणली आणि या प्रवासात प्रवाहाची नोंद घेतली. प्रवाहाचा नैसर्गिक लॉगरिथम अंतरासमोर मांडला तेव्हा सरळ रेषा मिळाली. संपर्क असता तर अशी रेषा येत नाही, आणि गळती असती तर प्रवाह अंतराने बदललाच नसता. दाब निम्मा केल्यावर प्रवाहही निम्मा झाला.

रेषेचा उतार मात्र प्रत्येक अँगस्ट्रॉमला ०.८० एवढाच होता, अपेक्षा २ च्या आसपास होती. उताराचा वर्ग करून ०.९५ ने गुणले की अडथळ्याची उंची इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते, ती ०.६ आली. हवेत टोकावर आणि नमुन्यावर पाण्याचा व इतर अशुद्धींचा थर असतो आणि त्यामुळे ही उंची एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली दिसणे नेहमीचे आहे. शिवाय पिएझोचे माप अजून पडताळलेले नाही. तूर्त हा उतार या यंत्राचा या क्षणीचा खरा उतार म्हणून धरते.

३० नोव्हेंबर

पहिला नकाशा मिळाला. स्थिर प्रवाहाच्या पद्धतीत सुई आडवी सरकते, फीडबॅक प्रवाह १ नॅनोअँपिअरवर राखण्यासाठी सुई वरखाली करतो, आणि आपण नोंदतो ती सुईची उंची. ग्राफाइटवर एक अणुथर संपून दुसरा सुरू होतो अशी एक पायरी चौकटीच्या मधोमध सापडली.

नकाशात एक दोष आहे. डावीकडून उजवीकडे जाताना सुई पायरी चढते तिथे कडा बऱ्यापैकी ठळक आहे. उजवीकडे दुसऱ्या एका ठिकाणी ती उतरते तिथे मात्र कडेपासून अकरा-बारा बिंदू लांब शेपूट आली आहे. परतीच्या ओळीत शेपटीची जागा बदलते, म्हणजे ती पृष्ठभागाची नव्हे, यंत्राची आहे. फीडबॅकचा गुणक वाढवून पाहिला तर शेपूट आखूड होते, पण चढणीच्या कडेपाशी सुई कापू लागते आणि दोनदा आपटली.

७ डिसेंबर

शेपटीचे कारण सापडले, आणि ते सूत्रातच होते.

ग्राफाइटच्या पायरीची उंची माझ्या नकाशात सुमारे २.९ अँगस्ट्रॉम दिसते. माझ्या मोजलेल्या उताराने तेवढ्या अंतरात प्रवाह दहापट बदलतो. सुई चढणीला भिडते तेव्हा प्रवाह १ वरून १० नॅनोअँपिअर होतो, म्हणजे चूक अधिक ९. उतरणीला तो ०.१ होतो, म्हणजे चूक उणे ०.९. पृष्ठभागातला बदल तेवढाच, पण फीडबॅकला मिळणारी हाक एका बाजूला दहापट मोठी. दूर गेलेल्या सुईची चूक कितीही अंतरावर उणे १ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे ती परत येते ती रेंगाळतच.

याची दुसरी बाजू अधिक त्रासदायक आहे. सुई जवळ असते तेव्हा प्रवाह मोठा असतो, आणि अंतरातल्या त्याच छोट्या बदलाने प्रवाहात होणारा फरकही त्याच प्रमाणात मोठा असतो. १० नॅनोअँपिअरवर फीडबॅकच्या लूपची परिणामी तीव्रता १ वरच्या दहापट होते. सुई कापू नये म्हणून गुणक या सर्वांत वाईट स्थितीसाठी लहान ठेवावा लागतो, आणि मग उरलेल्या सर्व ठिकाणी लूप सुस्त पडतो. मी महिनाभर गुणक जुळवत बसले असते तरी हे सुटले नसते.

उपाय असा की चूक प्रवाहात न मोजता त्याच्या लॉगरिथममध्ये मोजायची. लॉगरिथम घेतला की घातांकी नाते सरळ रेषेचे होते आणि चूक थेट अंतराच्या प्रमाणात येते: चढणीला अधिक २.३, उतरणीला उणे २.३. नियोजित प्रवाहाच्या अगदी जवळ दोन्ही पद्धती सारख्याच वागतात, फरक पडतो तो मोठ्या चुकांत.

आजच बसवले आणि पंधरा मिनिटांत सुई मोडली. प्रवर्धकाचे शून्य किंचित उणे बाजूला आहे, त्यामुळे सुई दूर असताना मापन उणे येते. उणे संख्येचा लॉगरिथम निघत नाही. प्रोग्रामने "संख्या नाही" असे उत्तर दिले, ते उंचीच्या किमतीत मिसळले आणि परिवर्तकाला शून्य गेले. माझ्या जोडणीत शून्य म्हणजे सुई पूर्ण पुढे. ही जोडणी आता उलटवली आहे, जेणेकरून पुढे कोणताही बिघाड झाला आणि परिवर्तकाला शून्य मिळाले तरी सुई मागेच जाईल. प्रोग्राममध्ये प्रवाहाला तळ दिला:

```c
i = fmaxf(I - I_OFF, I_MIN);   // I_MIN = 0.02 nA
e = logf(i / I_SET);
z = z - KI * e;                // z मोठा = सुई पुढे
```

तळ ०.०२ नॅनोअँपिअर घेतला. त्याहून खाली प्रवर्धकाचा विद्युत आवाजच मोजला जातो आणि लॉगरिथम त्या आवाजाला उगाच मोठे करतो.

१४ डिसेंबर

त्याच नमुन्यावर, त्याच वेगाने, म्हणजे २५६ बिंदूंच्या ओळीला एक सेकंद, पुन्हा नकाशा घेतला. आता लूपची तीव्रता सर्वत्र सारखी असल्यामुळे गुणक पाचपट वाढवता आला. चढण आणि उतरण दोन्हीकडे कडा एक-दोन बिंदूंत संपते, आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या ओळी एकमेकींवर बसतात.

या स्वच्छ पायरीवरून उंचीचे माप पडताळले. नकाशात ती २.९ अँगस्ट्रॉम दिसते आणि असायला हवी ३.३५. म्हणजे चकती प्रत्येक व्होल्टमागे १५० नव्हे, सुमारे १७३ नॅनोमीटर हलते. त्या हिशेबाने २३ नोव्हेंबरचा उतार ०.८० ऐवजी ०.६९ होतो आणि अडथळ्याची उंची ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पायरीवर प्रवाह दहापट बदलतो हे गणित मात्र तसेच राहते, कारण तिथे चुकीचा उतार आणि चुकीची उंची एकमेकांना छेदून जातात. बझरच्या चकतीत मोठ्या हालचालींचे माप लहान हालचालींपेक्षा वेगळे येऊ शकते, म्हणून हे पडताळणीचे माप मी काही अँगस्ट्रॉमच्या कामासाठीच वापरणार आहे.

२१ डिसेंबर

नवी सुई लावली आणि प्रत्येक पायरी दुहेरी दिसू लागली. दोन्ही कडांमधले अंतर सुमारे ४० अँगस्ट्रॉम, सर्वत्र सारखे आणि एकाच दिशेला. स्कॅनची दिशा ९० अंशांनी फिरवली तरी नमुन्याच्या संदर्भात ते तसेच राहिले. म्हणजे टोकाला दोन उंचवटे आहेत आणि दोन्ही चित्र काढत आहेत.

१२ ऑक्टोबरचा हिशेब इथे दुरुस्त करावा लागतो. तेव्हा २.०५ चा उतार धरून मी म्हटले होते की दोन अँगस्ट्रॉम मागे असलेल्या अणूचा वाटा साठाव्या हिश्शाएवढा असतो. ०.६९ च्या उताराला तोच वाटा पावहिश्शाएवढा होतो, आणि तो दहाव्या हिश्शावर यायला दुसरा उंचवटा पूर्ण ३.३५ अँगस्ट्रॉम मागे असावा लागतो. टोक मळले की प्रवाह अंतराबाबत कमी संवेदनशील होतो, आणि त्याबरोबरच सर्वांत पुढचा अणू निवडण्याची यंत्राची क्षमताही कमी होते. म्हणून आता प्रत्येक सुईची पहिली चाचणी उताराची, नकाशा त्यानंतर. ०.५ च्या खाली उतार असलेल्या सुईवर मी वेळ घालवत नाही.

नमुन्यावर ३ व्होल्टचा एक मिलिसेकंदाचा ठोका चार वेळा दिला. तिसऱ्या ठोक्यानंतर उतार बदलला, चौथ्यानंतर दुसरी कडा नाहीशी झाली. दोन इतर सुयांवर याचा काही उपयोग झाला नाही आणि त्या पुन्हा कापाव्या लागल्या.

४ जानेवारी

अणू दिसले.

चौकट ३ नॅनोमीटरची, ५० मिलिव्होल्ट, १ नॅनोअँपिअर. इथे पद्धत बदलावी लागली. सेकंदाला २० ओळी जाता-येता घ्यायच्या तर सुईखालून सेकंदाला सुमारे ५०० अणू जातात, आणि माझा फीडबॅक त्यांच्यामागे वरखाली धावू शकत नाही. हळू गेले तर तापमानातल्या बदलाने नमुना सरकून चित्र वाकडे होते. म्हणून फीडबॅक इतका मंद केला की तो फक्त नमुन्याचा कल सांभाळेल, सुई जवळजवळ एकाच उंचीवर ठेवली आणि उंचीऐवजी प्रवाहच नोंदला. या पद्धतीत घातांकी नाते थेट उपयोगी पडते: अंतरातला दशांश अँगस्ट्रॉमचा फरक प्रवाहात सुमारे सात टक्क्यांचा होतो, आणि तेवढा फरक माझा प्रवर्धक स्पष्ट दाखवतो. मात्र ही पद्धत सपाट जागीच वापरावी, मध्ये पायरी आली तर मंद फीडबॅक सुईला वाचवू शकत नाही.

चित्रात षटकोनी जाळीचे सर्व अणू नसून एकाआड एक दिसतात, त्रिकोणी मांडणीत. ग्राफाइटमध्ये शेजारचे दोन कार्बन १.४२ अँगस्ट्रॉमवर असतात. पण त्यांतल्या एकाखाली लगेचच्या थरातला अणू असतो, दुसऱ्याखाली नसतो, आणि कमी दाबाला प्रवाह मुख्यतः दुसऱ्या प्रकारातून येतो. म्हणून दिसणाऱ्या ठिपक्यांमधले अंतर २.४६ अँगस्ट्रॉम असायला हवे. माझे सरासरी २.२ आले, त्यावरून आडवे माप १.१२ ने वाढवले. एक चौकट खालून वर आणि लगेच दुसरी वरून खाली घेतली: एकीत जाळी ताणलेली, दुसरीत दबलेली. दोहोंची सरासरी घेतल्याशिवाय सरकणे वेगळे काढता येत नाही.

१२ जानेवारी

ग्राफाइटवर स्थिर प्रवाहाने हळू स्कॅन केले तर अणूंची उंची एका अँगस्ट्रॉमहून अधिक दिसते, आणि एवढी ती असू शकत नाही. याचे मान्य स्पष्टीकरण माझ्या उताराच्या कोड्यालाही लागू पडते. टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये अशुद्धीचा थर दाबला जातो आणि मऊ ग्राफाइट त्याखाली वाकते. पिएझोने सुई एक अँगस्ट्रॉम मागे घेतली तरी पृष्ठभाग तिच्यामागे थोडा वर येतो, त्यामुळे खरी फट एका अँगस्ट्रॉमपेक्षा कमी वाढते. म्हणून उतार कमी दिसतो, आणि प्रवाह राखण्यासाठी सुईला गरजेपेक्षा जास्त हलावे लागते, म्हणून अणू उंच दिसतात. पायरीची उंची यातून बऱ्याच अंशी सुटते, कारण वरच्या आणि खालच्या सपाटीवर पृष्ठभाग सारखाच वाकलेला असतो.

पडताळण्यासाठी काचेवरचा सोन्याचा पातळ थर लावला. सोने ग्राफाइटसारखे थरांनी बनलेले नाही आणि इतके वाकत नाही. नव्या सुईने पहिल्या मिनिटाला उतार ०.९५ मिळाला, म्हणजे उंची सुमारे ०.८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ग्राफाइटच्या जवळजवळ दुप्पट. वीस मिनिटांनी तो ०.७४ वर उतरला होता. सुई आपटली नव्हती आणि नकाशातले सोन्याचे कण जसेच्या तसे होते, म्हणजे हवेतला थर टोकावर चढत गेला असावा. पुढच्या वेळी यंत्राभोवती बंद पेटी ठेवून आत कोरडा नायट्रोजन सोडणार आहे आणि दर पाच मिनिटांनी उतार नोंदणार आहे. त्यासाठी चार सुया कापून ठेवल्या आहेत.